रजेची चिठ्ठी

सासूबाई गेल्या तेव्हा मुलगा, सून आणि नात दुबईहून डोईफोडियाला धावत आली. त्यात नातीची अरबीची चाचणी बुडाली. तिकडच्या शाळांत आपल्या मुलांनाही अरबी शिकावं लागतं. त्या विषयाच्या बाई अरब. त्यांना त्यांच्याच भाषेत चार ओळी द्याव्यात असं मुलाला वाटलं. म्हणाला, "आई, मराठीत तू लिहून दे."

मी लिहिलं : "माझी नात 10 तारखेपासून गैरहजर आहे, कारण तिची पणजी वारली. घरी 12 दिवसांचं सुतक आहे. रजा मंजूर करावी."

कागद घेऊन बुऱ्हाणपूरला गेले. कॉलेजातली माझी बोहरी मैत्रीण जामा मशिदीजवळ राहते, अरबी शिकलेली आहे. मला वाटलं, काम सोपं आहे. तारीख, गैरहजर, रजा हे शब्द मुळात अरबीच. नुसती लिपी बदलायची!

ती हसली. "तारीख" तेवढी जशीच्या तशी राहिली. गैरहजेरीला शाळेत "ग़ियाब" म्हणतात, आपला "गायब" त्याच घरातला. "रजा" मात्र फसवी निघाली. अरबीत "रिज़ा" म्हणजे राजी असणं, सुट्टीला "इजाज़ा". पणजीसाठी तिनं "वडिलांची आजी" असं लिहिलं. 10 च्या जागी एक काडी आणि एक टिंब काढलं.

"अगं, शून्य कुठे आहे?"

"टिंब हेच शून्य. गोल काढला असता तर पाच झाला असता. तुझी नात पंधरा तारखेला गेली असती."

मग सुतकापाशी ती थांबली. "इसका क्या लिखूँ? अशुद्धी लिहिलं तर बाईंना घाण वाटेल. शोक लिहू?" त्यांच्याकडे नातलगाचा शोक तीनच दिवसांचा, म्हणाली, विधवेची इद्दत तेवढी चार महिने दहा दिवसांची. बारा दिवस म्हटलं की बाई विचारात पडतील.

मी गप्प झाले. सुतक म्हणजे नुसता शोक नाही. रडू आवरलं तरी ते संपत नाही. पण घाणही नाही. पाच वर्षं अंथरुणावर असलेल्या सासूबाईंना मी या हातांनी न्हाऊ घातलं होतं. त्यांच्या जाण्याला परक्या भाषेत तो शब्द लागलेला मला चालला नसता.

शेवटी सांगितलं, "शब्द सोड, काय करतो ते लिही." तिनं लिहिलं : घरात मृत्यू झाल्यावर आम्ही जैन लोक 12 दिवस मंदिरात पूजा करत नाही, घरी एकत्र राहतो.

चाचणी पुन्हा झाली. बाईंनी वहीत एक ओळ लिहून पाठवली होती. मैत्रिणीनं फोनवर अर्थ सांगितला : अल्लाह तुमचा "अज्र" मोठा करो. अज्र म्हणजे चांगल्या कामाचं फळ.

मी पुण्य असं समजून घेतलं. आमच्यात ते कुणी देत नाही, आपलं आपण कमवायचं असतं. पण ही दुरुस्ती मी कळवली नाही.