रोज नवं पाणी

आमच्या वस्तीतल्या आरोग्य हेल्पलाइनवर मी काही महिने फोन घेत होतो. जुलाब होणाऱ्या बाळाला ओआरएस कसं द्यायचं, याचं छापील उत्तर दीड पानाचं होतं. मी ते जसंच्या तसं वाचायचो. एकदा शेवटी विचारलं, "आपा, आता काय कराल?" त्या म्हणाल्या, "थोडी पुडी ग्लासात टाकीन." द्रावण घट्ट झालं तर जुलाब वाढतात, रक्तातलं मीठही वाढतं.

मग सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या पुडीसाठी उत्तर नव्यानं लिहिलं: "अख्खी पुडी, एक लिटर पाणी, एक दिवस." पण एका आईनं दुसऱ्या दिवशी ओआरएस देणंच थांबवलं. 'एक दिवस'चा तिनं तोच अर्थ घेतला. चूक माझ्या वाक्याची होती. आता म्हणतो, "अख्खी पुडी, एक लिटर पाणी. उरलेलं फेका, रोज नवं बनवा." धोक्याचं शेवटी सांगतो, कारण शेवटचं कानात राहतं: "बाळ सुस्त झालं, पिईना, शौचातून रक्त गेलं, तर लगेच दवाखाना." बाकीचं विचारलं तरच.

आणि फोन ठेवण्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकतो.