'नेव्हर' वाक्याच्या पुढे आला की

आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी उर्दू-मराठी शिकवायचो. एकदा इंग्रजीच्या वह्या माझ्याकडे आल्या. एका मुलीनं उसात दिसलेल्या बिबट्यावर लिहिलं होतं, 'नेव्हर हॅव आय सीन अ लेपर्ड सो क्लोज.' मी 'हॅव आय'वर लाल रेघ मारली आणि शेवटी प्रश्नचिन्ह काढलं. मला तो प्रश्नच वाटला. ती म्हणाली, "सर, पेपरात असंच येतं." घरी व्याकरण उघडलं, तर चूक माझीच होती.

चुकीचं मूळ आपल्या भाषांत आहे. 'मी कधीच बिबट्या पाहिला नाही' यातला 'कधीच' वाक्यात कुठंही हलवा, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. उर्दूतही 'मैंने कभी नहीं देखा' म्हणा किंवा 'कभी मैंने नहीं देखा'. कारण नकार 'कधीच'मध्ये नसून 'नाही'मध्ये असतो. इंग्रजीत 'नेव्हर'च्या पोटातच 'नाही' असतं. म्हणूनच 'नेव्हर हॅव आय नॉट सीन' लिहिलं तर अर्थ उलटतो. आणि असा नकारार्थी शब्द जोर देण्यासाठी वाक्याच्या तोंडाशी आला, की साहाय्यक क्रियापदही कर्त्याच्या पुढे येतं.

'लेपर्ड्स रेअरली कम आउट बाय डे' हे साधं वाक्य घ्या. 'रेअरली' पुढे आणला, तर हलवायला साहाय्यक क्रियापदच नाही. मग 'डू' आणावं लागतं: 'रेअरली डू लेपर्ड्स कम आउट बाय डे.' भूतकाळात 'डिड' येतं, पण पुढे 'कम'च राहतं. काळ 'डिड'नं घेतलेला असतो, त्यामुळे 'डिड केम' चूक.

बारावीची मुलं 'नो सूनर डिड... दॅन' पाठ करतात, तोही हाच नियम. 'हार्डली'ला मात्र जोडी 'व्हेन'ची: 'हार्डली हॅड वी क्रॉस्ड माळशेज घाट व्हेन इट बिगॅन टु रेन.'

पण नकारार्थी दिसणारा प्रत्येक शब्द हे करत नाही. 'इन नो टाइम वी रीच्ड जुन्नर' म्हणजे आपण झटकन पोचलो. इथं पोचण्याला नकार नाही, म्हणून क्रम सरळच. 'अ‍ॅट नो टाइम डिड वी स्टॉप' म्हणजे आपण कधीच थांबलो नाही, म्हणून क्रम उलटा. 'हार्डली एनीवन केम'मध्येही 'हार्डली' कर्त्याचाच भाग आहे, म्हणून तिथंही काही हलत नाही. पारख एकच: पुढे आलेला नकार क्रियेला लागतो का?

असं वाक्य निबंधात एखादंच शोभतं. बोलताना तर ते भाषणासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझीच लाल रेघ खोडली आणि शेवटच्या प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम दिला.