थंडीतली न लागणारी तहान

जयपूरला आल्यापासून जानेवारीत आमच्या घरी तीळ-गुळाची गजक आणि शेंगदाणे-बदाम असतातच. सेंट्रल पार्कमध्ये धावून आलेला मुलगा ते आवडीने खातो; पाणी मात्र मागत नाही. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळते. मग शरीराला पाणी पुरेसे वाटते. तहान मंदावते, लघवी वाढते. कोरड्या हवेत घामही दिसण्याआधीच उडून जातो.

एकदा तासभर धावण्याआधी आणि नंतर त्याचे वजन केले. ६० किलोचे ५९.४ भरले, म्हणजे जवळजवळ ६०० मिलिलिटर पाणी गेले! आता तो परतल्यावर कोमट पाण्याचे तीन पेले सावकाश पितो, मगच गजक खातो. लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडले असे समजावे.