तुकड्यांची वही

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या आणि सरांनी सांगितलं, "आता कर्णधारपद पुढच्या मुलीकडे देऊन टाक." दोन वर्षं मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार होते. पद घ्यायचं कसं ते माहीत होतं, सोडायचं कसं ते माहीत नव्हतं. मी सामानाच्या खोलीची किल्ली, शिट्टी आणि फोन नंबरांची यादी पुढच्या कर्णधाराच्या, म्हणजे धाकटीच्या हातात दिली. माझ्या लेखी काम झालं होतं.

देवगाव फाट्यावर दोघी एसटीची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा तिने विचारलं, "ताई, पहिल्या तुकडीत कायम त्याच तिघी का?" मी म्हटलं, "त्या चांगल्या पळतात म्हणून." "मग तिसऱ्या तुकडीचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन वर्षं मी तोच क्रम गुणलेखकाला देत आले होते आणि त्याचं कारण मला एका वाक्यात सांगता येईना.

ज्यांनी खो-खो लांबूनच पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणाऱ्या आठ जणी पाटीवर बसतात, नववी धावते. समोरच्या संघाच्या नऊ जणी मात्र एकदम मैदानात येत नाहीत, तिघी-तिघींच्या तुकड्यांनी येतात. हा क्रम डावाआधी लिहून द्यावा लागतो आणि डाव संपेपर्यंत बदलत नाही. नऊही जणी वेळेआधी बाद झाल्या तर पहिली तुकडी पुन्हा त्याच क्रमाने येते. प्रत्येक बादचा समोरच्यांना एक गुण. कर्णधाराची खरी अक्कल या यादीत असते, हे मला पद सोडताना कळलं.

सरांनी उपाय सांगितला: वही कर, घड्याळ लाव, प्रत्येक तुकडी किती टिकली ते लिही. सरावात आम्ही नऊ मिनिटांचा डाव लावला. आधी माझा क्रम, म्हणजे सगळ्यात चपळ तिघी पहिल्या. पहिली तुकडी ४ मिनिटं १० सेकंद टिकली, दुसरी २ मिनिटं ५ सेकंद, तिसरी १ मिनिट २० सेकंद. सगळ्या मिळून ७ मिनिटं ३५ सेकंदांत बाद. उरलेल्या १ मिनिट २५ सेकंदांसाठी पहिल्या तिघी दमलेल्या पायांनी पुन्हा उतरल्या आणि त्यातल्या दोघी गेल्या. एकूण ११ गुण दिले.

दुसऱ्या दिवशी धाकटीने तिचा क्रम लावला. तीन चपळ मुली तीन तुकड्यांत वाटल्या. पहिली तुकडी ३ मिनिटं ५ सेकंद, दुसरी ३ मिनिटं २० सेकंद. तिसरीला राहिली २ मिनिटं ३५ सेकंद, तेवढ्यात दोघीच बाद झाल्या. एकूण ८ गुण. एका दिवसावरून नियम करता येत नाही, पाठलाग करणाऱ्याही त्या दिवशी दमलेल्या असतील. पण बघताना कारण डोळ्यांना दिसत होतं. तुकडीत एक तरी हूल देणारी असली की पाठलाग तिच्यामागे ओढला जातो आणि बाकीच्या दोघींना साखळी धरायला, म्हणजे पाट्यांमधून आलटून-पालटून नागमोडी पळत राहायला, सवड मिळते. माझ्या तिसऱ्या तुकडीत तशी कुणीच नव्हती. त्या मुली कच्च्या आहेत असं मी दोन वर्षं समजत होते. कच्ची होती माझी यादी.

यानंतर मी वही पूर्ण केली. कोण खांबाजवळ घाबरते, कुणाला डावीकडे वळायला जड जातं, कोण कुणासोबत चांगली पळते, प्रत्येक नावापुढे कारण लिहिलं.

तरी एक चूक राहिलीच. मैत्रीपूर्ण सामन्यात यादी धाकटीने दिली होती आणि मी रेषेला लागून उभी होते. पहिल्या तुकडीतली तिसरी बाद होताच मी सवयीने ओरडले, "थांबा, खांबाकडून या!" त्याच वेळी धाकटी ओरडली, "लगेच आत!" एक तुकडी संपल्यावर पुढच्या तिघींनी दोन खो दिले जाण्याआधी मैदानात यायचं असतं. दोघी आत गेल्या. तिसरी माझ्याकडे बघत थबकली आणि एक पाऊलही न पळता बाद ठरली. सामना संपल्यावर ती मला काही बोलली नाही, धाकटीही बोलली नाही. मीच दोघींची माफी मागितली.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, आणि दोन्ही संघ जिंकले. धाकटी ते सामने फोनवर थांबवून-थांबवून बघते आणि मैदानावरच्या तुकड्या मोजते. मी कधी तसं पाहिलं नव्हतं.

आता सामन्याला गेले तर मी गुणलेखकाच्या टेबलापासून लांब, पाण्याच्या कॅनजवळ बसते. वही धाकटीकडे आहे. मागच्या आठवड्यात तिने त्यात माझी दोन कारणं खोडून स्वतःची लिहिली आहेत.