वाड्यातली शेवटची संध्याकाळ

‘बिऱ्हाड’ हा शब्द तुम्ही ऐकलाय का? भाड्याने राहणारं कुटुंब आणि त्याचं सगळं सामान, या दोन्हींसाठी मराठीत हा एकच शब्द आहे. पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात अशी आठ बिऱ्हाडं होती. त्यातलं एक आमचं : आजी, आई, बाबा, ताई आणि मी. खोल्या दोन, आणि नळ सगळ्यांत मिळून एक. १९९८च्या मे महिन्यात आम्ही कोथरूडला, आमच्या पहिल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ही गोष्ट त्याच्या आदल्या संध्याकाळची.

भाड्याचं घर सोडताना एक प्रश्न हमखास येतो : इथलं आपलं काय आणि मालकांचं काय? तुमच्यापैकी कोणी भाड्याचं घर बदललं असेल, तर तुम्हाला हे माहीत असेल. बाबांचा नियम सोपा होता. “आपण लावलं ते आपलं.” म्हणून त्यांनी पंखा उतरवला, ट्यूबलाइट काढली, भांड्यांच्या फळ्या काढल्या. खिळे उपटल्यावर भिंतीला भोकं पडली. ती बुजवायला त्यांनी वाटीत प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं. ते पटकन घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि लगेच भरायचं. देवांचा कोनाडा मात्र भिंतीतच होता. तो कसा नेणार?

तोवर आजी एक तार घेऊन बसली होती. त्या तारेत भाड्याच्या सगळ्या पावत्या ओवलेल्या होत्या. पूर्वी अशा पावत्या लोक जिवापाड जपत, कारण आपण इथले भाडेकरू आहोत याचा तोच पुरावा असे. सगळ्यात खालची पावती १९५७ची होती. तिच्यावर आजोबांचं नाव होतं. आजी लग्न होऊन आली ती याच दोन खोल्यांत.

“या आता काय करायच्या रे?” तिने बाबांना विचारलं.

“आता काही उपयोग नाही त्यांचा, आई.”

आजी काही बोलली नाही. तिने ती सगळ्यात खालची पावती हळूच सोडवली आणि आपल्या बटव्यात ठेवली.

मग ती भिंतीपाशी गेली. खांद्याएवढ्या उंचीवर हात ठेवून म्हणाली, “पाणी इथपर्यंत होतं.” १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पूर आला. आजी तेव्हा कोनाड्यातले देव पदरात बांधून वरच्या मजल्यावर पळाली होती. भिंतीला नंतर कितीदा तरी चुना लागला. पुराची खूण केव्हाच दिसेनाशी झाली होती. पण आजीचा हात बरोबर त्याच जागी जायचा.

दाराच्या चौकटीवर आमच्याही खुणा होत्या. दर पाडव्याला बाबा ताईला आणि मला तिथे उभं करून पेन्सिलीने रेघ मारायचे. ताई म्हणाली, “या पण आपणच केल्यात. मग या आपल्या ना?” बाबा हसले. त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप घेतली आणि प्रत्येक रेघ मोजून वहीत लिहून घेतली. “नव्या चौकटीवर उतरवू,” ते म्हणाले.

“नव्या दाराला अजिबात पेन्सिल लावायची नाही हं!” आई आतून ओरडली. “कालच ऑइलपेंट झालाय.”

“अगं, इथे मालकांच्या चौकटीवर चालत होतं,” आजी म्हणाली, “मग आपल्या स्वतःच्या घरात का नाही?”

आईला हसू आलं. ती काहीच बोलली नाही.

गॅस दुपारीच टेम्पोतून गेला होता. म्हणून शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली आणि त्याही आमच्यासोबत जेवायला बसल्या. पंखा नव्हता, त्यामुळे दार सताड उघडं होतं. तसं ते रोजच असायचं. फ्लॅटचं दार आपोआप बंद होतं, हे कळल्यावर काकूंनी विचारलं, “मग वाटी मागायला कसं यायचं हो?” आजी म्हणाली, “बेल आहे म्हणे.” दोघी थोडा वेळ गप्प बसल्या.

रात्री आम्ही सतरंजीवर झोपलो. रिकाम्या खोलीत साधं खोकलं तरी आवाज घुमत होता. पहाटे नळ आला तशी आजी सवयीने उठली. पिंप तर कोथरूडला गेलं होतं. तिने उरलेली एक कळशी भरली आणि काकूंच्या दारात नेऊन ठेवली. मग कोनाड्यातले देव उचलून पदरात बांधले. सामान टेम्पोतून गेलं, पण देव आजीच्या मांडीवर, रिक्षातून आले.