नरसाळ्याचं खालचं तोंड

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी इकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आमच्या बाकावर पत्र्याचं एक नरसाळं असायचं. त्यात बारीक जाळी, जाळीवर पाचोळा, वरून चाळीस वॉटचा बल्ब आणि खाली अल्कोहोलची बाटली. बल्बच्या उबेने पाचोळा वरून सुकत जातो, आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. इटलीच्या अंतोनियो बर्लीझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली, म्हणून नाव बर्लीझ नरसाळं. तेव्हा बल्ब नव्हता, तो नंतर आला.

आमच्या कॉलेजमागच्या टेकडीवर एका भागात सागाची लागवड होती आणि थोड्या अंतरावर गिरिपुष्पाची. दोन्हीकडून सप्टेंबरात २५ सेंटिमीटरची चौकट जमिनीवर ठेवून, तिच्यात येईल तेवढा पाचोळा पिशवीत भरून आणला. प्रत्येकी सहा पिशव्या. मग तीन दिवस बल्ब, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी, आणि मग रिपोर्ट. रिपोर्ट इंग्रजीतच लिहायचा होता. इथे मराठीत सांगते.

मोजणी व्हायच्या आतच प्रस्तावना लिहून दाखवायची, असा मॅडमचा नियम होता. माझी पहिली प्रस्तावना दीड पानांची झाली. सुरुवात होती, ‘आज पृथ्वीवरील जैवविविधता गंभीर संकटात आहे.’ त्यानंतर हवामानबदल, जंगलतोड, पश्चिम घाट, मातीचं आरोग्य. शेवटून दुसऱ्या वाक्यात एकदम साग आणि गिरिपुष्प अवतरले होते. मॅडमनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तुझ्याकडे बारा पिशव्या पाचोळा आहे. त्यात पृथ्वी कुठे आहे?’’

मी म्हटलं, प्रस्तावना नरसाळ्यासारखी वरून रुंद आणि खाली अरुंद असावी, असं तुम्हीच सांगितलं होतं.

‘‘सांगितलं होतं. पण लिहायला खालच्या तोंडापासून घ्यायचं. शेवटचं वाक्य आधी दाखव.’’

माझं शेवटचं वाक्य होतं, ‘दोन्ही झाडांखालील सूक्ष्मजीवांमध्ये फरक असेल असे गृहीतक आहे.’ त्यावर लाल पेनाने तीन गोल झाले. पहिला ‘सूक्ष्मजीवां’वर. सूक्ष्मजीव म्हणजे जिवाणू-बुरशी, आणि आम्ही मोजणार होतो माइट आणि स्प्रिंगटेल. दुसरा ‘फरक’वर: कुठे जास्त, कुठे कमी? तिसरा गोल वाक्य संपल्यावरच्या कोऱ्या जागेत होता, आत फक्त ‘का?’

त्या ‘का’नेच खरा घोळ घातला. गिरिपुष्प शेंगावर्गीय, त्याच्या पानात नायट्रोजन भरपूर, पान मऊ. ते पावसात लवकर कुजतं, त्यावर बुरशी लवकर चढते, म्हणजे बुरशी खाणाऱ्या स्प्रिंगटेलना मेजवानी. असं पाहिलं तर जीव गिरिपुष्पाखाली जास्त हवेत. पण पान लवकर कुजतं म्हणजे थरही लवकर संपतो. सप्टेंबरात गिरिपुष्पाखाली पाचोळ्याचा नुसता पापुद्रा उरला होता. सागाची रखरखीत, ताटाएवढी पानं मात्र एकावर एक तशीच होती आणि खालची ओलसर होती. राहायला जागा पाहिली तर जीव सागाखाली जास्त हवेत.

मी दोन्ही कारणं लिहिली आणि ‘त्यामुळे फरक अपेक्षित आहे’ म्हणून मोकळी झाले. मॅडम हसल्या. ‘‘म्हणजे काहीही आलं तरी तूच बरोबर?’’

त्यातून मोजण्याच्या एककाचा प्रश्न निघाला. तो तोवर माझ्या डोक्यातही नव्हता. एका चौकटीत किती जीव असं मोजलं, तर जाड थर असलेला साग जवळजवळ थराच्या जोरावरच जिंकेल. एक ग्रॅम सुक्या पाचोळ्यामागे किती जीव असं मोजलं, तर थराच्या जाडीचा हिशेब बराचसा बाजूला पडतो आणि पानाची प्रत पुढे येते. मला पानाच्या प्रतीबद्दल विचारायचं होतं. म्हणून एकक ठरलं ग्रॅममागे, आणि वाक्य झालं: ‘गिरिपुष्पाचे पान मऊ व नायट्रोजनयुक्त असल्याने त्यावर बुरशीची वाढ अधिक होईल, आणि म्हणून प्रति ग्रॅम सुक्या पाचोळ्यात स्प्रिंगटेलची संख्या सागापेक्षा जास्त आढळेल.’ माइट गळाले, कारण सगळेच माइट बुरशी खात नाहीत, काही तर स्प्रिंगटेलच खातात.

आता या वाक्यावरून वर चढायचं होतं. प्रत्येक पायरीला एकच विचारायचं: हे वाक्य कळायला वाचकाला त्याआधी काय ठाऊक हवं? लगेच वर हवं होतं ते या दोन झाडांच्या पानांबद्दल. त्याच्या वर, पानाची प्रत आणि ते खाणारे जीव यांचा संबंध. आणि सगळ्यात वर, पाचोळा कुजतो कशामुळे. स्विफ्ट, हील आणि अँडरसन यांनी १९७९च्या पुस्तकात त्याची तीन सूत्रं धरली आहेत: हवामान, पानाची प्रत आणि कुजवणारे जीव. हे वाचल्यावर माझी प्रस्तावना आपोआप उलगडली. सुरुवात या तिघांपासून. एकाच टेकडीवर पाऊस सारखाच, म्हणून हवामान बाजूला. (‘‘दोन्ही उतार एकाच दिशेचे आहेत ना?’’ मॅडमनी विचारलं. दोन्ही पूर्वेचे निघाले, नाहीतर हे वाक्य लिहिता आलं नसतं.) उरली पानाची प्रत आणि जीव. त्या दोघांमधला दुवा म्हणजे प्रश्न. दर पायरीला काहीतरी कारण देऊन बाजूला टाकत गेले, तसं तोंड अरुंद होत गेलं. पृथ्वी, हवामानबदल, पश्चिम घाट यांपैकी कशाचीच कुठल्या पायरीला गरज पडली नाही.

प्रश्न मी लिहिला होता, ‘साग आणि गिरिपुष्प यांच्या पाचोळ्यातील स्प्रिंगटेलच्या संख्येत फरक आहे का?’ तो आणखी एकदा कापला गेला. सहा चौकटी असल्या तरी त्या एकाच सागाच्या लागवडीतल्या होत्या, गिरिपुष्पाचंही तेच. म्हणजे झाडांच्या तुलनेसाठी माझ्याकडे सहा नमुने नव्हते, एकेकच होता. १९८४ साली हर्लबर्ट यांनी नेमक्या याच चुकीवर लेख लिहिला आणि तिला नाव दिलं, छद्म पुनरावृत्ती. लागवडी वाढवायला वेळ नव्हता, म्हणून प्रश्नच लहान केला: ‘या टेकडीवरील या दोन लागवडींत...’ लिहिताना वाईट वाटलं. अभ्यास एकदम किरकोळ दिसायला लागला. पण हातातल्या पिशव्यांनी उत्तर देता येईल असा प्रश्न तेवढाच होता.

मग मोजणी झाली. प्रति ग्रॅमसुद्धा स्प्रिंगटेल सागाच्याच पिशव्यांत जास्त निघाले.

रात्री फेअर कॉपी लिहिताना हात शिवशिवले. ‘सागाची पाने ओल धरून ठेवतात, म्हणून...’ एवढं वाक्य फिरवलं की सगळं जुळत होतं, कारणही तयारच होतं. पण मोजणीआधीच्या मसुद्यावर मॅडमची सही आणि तारीख होती. म्हणून गृहीतक तसंच ठेवलं. ते चुकलं हे चर्चेत लिहिलं आणि ओलीचं कारण तिथे पुढचा अंदाज म्हणून मांडलं. तो तपासायचा तर पाचोळ्याचं ओलं वजन आणल्याबरोबर घ्यायला हवं होतं. मी ते घेतलं नव्हतं, हेही लिहिलं.

दीड पानाची प्रस्तावना शेवटी चौदा ओळींची झाली. दहापैकी सात मिळाले. कापलेल्या तीन गुणांपुढे लिहिलं होतं, ‘ओलं वजन.’