खांदा ओलांडणारे हेड

ट्रायसेप्स म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू. तो तीन ठिकाणांहून निघतो आणि कोपराच्या टोकाशी एकाच कंडरेने जोडला जातो. या तीन भागांना व्यायामशाळेत ‘हेड’ म्हणतात. बाहेरचे आणि मधले अशी दोन हेड दंडाच्या हाडावरूनच सुरू होतात, त्यामुळे त्यांचा संबंध फक्त कोपराशी येतो. तिसरे, म्हणजे लाँग हेड, खवाट्याच्या हाडावरून, खांद्याच्या खोबणीच्या किंचित खालून निघते. ते खांदा आणि कोपर हे दोन्ही सांधे ओलांडून जाते. पुशडाऊन आणि ओव्हरहेड एक्स्टेन्शन यांतला फरक या एका गोष्टीतून निघतो.

हात डोक्यावर सरळ उभा करावा, मग कोपर पूर्ण वाकवून पंजा दोन खवाट्यांच्या मध्ये टेकवण्याचा प्रयत्न करावा. कोपरापासून काखेच्या मागच्या कडेपर्यंत एक ताण जाणवतो. तो बहुतांशी लाँग हेडचा असतो, कारण त्याची दोन्ही टोके एकाच वेळी लांब ओढली गेलेली असतात: खांद्याकडून हात वर गेल्यामुळे आणि कोपराकडून ते वाकल्यामुळे. आता हात खाली आणून कोपर बरगडीच्या थोडे मागे न्यावे आणि हात ताठ करून दंड जोरात आवळावा. या वेळी तेच हेड दोन्ही टोकांकडून आखूड झालेले असते आणि काही जणांना तिथे पेटका आल्यासारखे वाटते. इतका आखडलेला स्नायू फारसे बळ देऊ शकत नाही. त्याचे तंतू एकमेकांवर आधीच इतके सरकलेले असतात की आणखी ओढायला जागाच उरत नाही.

पुशडाऊनमध्ये दंड शरीरालगत असतो. दोरी किंवा बार खाली दाबत नेला की शेवटच्या टप्प्यात लाँग हेड या आखूड अवस्थेकडे सरकते. बाहेरच्या आणि मधल्या हेडला याचा काही फरक पडत नाही. खांदा कुठेही असो, कोपराच्या एका ठरावीक कोनात त्यांची लांबी तीच राहते. म्हणून पुशडाऊन हा वाईट व्यायाम नाही. फक्त त्यातले लाँग हेड आपल्या सोयीच्या लांबीत काम करत नाही.

‘हात वर असताना लाँग हेड जास्त काम करते’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते जपून घ्यायला हवे. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूची विद्युत हालचाल मोजली, तर हात वर गेल्यावर लाँग हेडचा आकडा वाढतोच असे नाही. काही मोजमापांत तो हात खाली असतानाच अधिक भरला आणि हात वर गेल्यावर मधल्या हेडने वाटा उचलला. म्हणजे ‘जास्त काम’ याचा अर्थ मेंदूकडून जास्त हुकूम येतो असा नव्हे. त्याचा अर्थ असा की ताणलेल्या तंतूंना तोच भार लांब अवस्थेत झेलावा लागतो आणि त्यांच्यावरचा प्रत्यक्ष ताण वाढतो. स्नायू वाढायला हा ताण मोठे कारण ठरतो, असे आजवरच्या प्रयोगांवरून दिसते.

यातला सर्वांत बोलका प्रयोग जपानमधल्या मायेओ आणि सहकाऱ्यांचा आहे. 21 जणांनी 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, केबलवर कोपर सरळ करण्याचा व्यायाम केला. प्रत्येकाचा एक हात डोक्यावर ठेवून आणि दुसरा शरीरालगत ठेवून, त्यामुळे तुलना एकाच माणसाच्या दोन हातांत झाली. एमआरआयवर मोजले तेव्हा वर केलेल्या हाताचे लाँग हेड सुमारे 28 टक्के वाढले होते, खालच्या हाताचे सुमारे 20 टक्के. विशेष म्हणजे वरच्या हाताने उचललेले वजन कमी होते. आणि बाकीची दोन हेडही वरच्या हातात थोडी अधिकच वाढली. हे मात्र लांबीच्या हिशेबात बसत नाही, कारण त्यांची लांबी खांद्याने बदलतच नाही. तेवढा भाग अजून उघडा प्रश्न आहे आणि तो तसाच सांगणे प्रामाणिकपणाचे.

आता वजनाचा हिशेब. समजा, 10 किलोचा डंबेल एका हाताने डोक्यामागे धरला आहे, दंड उभा आहे आणि कोपरापासून मुठीपर्यंत 33 सेंटिमीटर अंतर आहे. पुढचा हात जमिनीला समांतर, म्हणजे कोपर 90 अंशांत असताना भार सर्वांत जड लागतो. कोपर पूर्ण वाकले, साधारण 140 अंश, की तो भार जवळजवळ दोन-तृतीयांश होतो. हात जवळपास ताठ झाला, 20 अंश वाकलेला राहिला, की एक-तृतीयांशच उरतो. म्हणजे वरचा शेवटचा टप्पा जवळजवळ फुकट असतो आणि खालचा अर्धा टप्पा खरा. वजन वाढवण्यासाठी खालचा टप्पा तोडला, तर ज्यासाठी हा व्यायाम करायचा तेच हातचे जाते. बहुतेक व्यायामशाळांत नेमके हेच घडताना दिसते: जड डंबेल, आणि तो कानामागे जेमतेम वीतभर खाली जातो.

दुसरी चूक पाठीत दिसते. खांदा पूर्ण वर जात नसेल, तर शरीर ती उणीव कमरेतून भरून काढते. बरगड्या पुढे येतात, कंबर कमानीसारखी वाकते आणि बाहेरून हात उभा दिसत राहतो. बाजूने मोबाइलवर चित्रण केले तर हे लगेच ध्यानात येते. अशा वेळी हात कानाला चिकटवण्याचा हट्ट सोडावा, दंड थोडा पुढे कलता ठेवावा आणि पोट आवळून धरावे. लाँग हेडला ताण तरीही भरपूर मिळतो.

कोपर पूर्ण वाकवून हात वर असतो, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नसही ताणली जाते. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येऊ लागल्या तर तो स्नायूचा ताण नव्हे. तिथेच सेट थांबवून खोली कमी करावी. कोपराच्या टोकावर टोचल्यासारखी कळ आली, तर तक्रार बहुधा कंडरेची असते. मग वजन निम्म्यावर आणून डंबेल दोन-तीन सेकंद घेत सावकाश खाली नेणे बरे पडते.

महाराष्ट्रातल्या तालमींत मुद्गल फिरवताना हात असाच वर जातो, कोपर आभाळाकडे होते आणि मुद्गल पाठीवर लोंबतो. तिथून तो वर काढताना लाँग हेड ताणलेल्या अवस्थेतून कोपर सरळ करते. झोक्याची मदत असल्याने भार केबलसारखा सलग राहत नाही, पण अवस्था तीच.

पुशडाऊनची जागा यामुळे जात नाही. खांदा दुखणाऱ्याला तोच व्यायाम झेपतो आणि त्यात वजनही अधिक उचलता येते. फक्त कोपर बरगडीशी थांबवायला हवे. ते पुढे-मागे डोलू लागले की पाठीचे मोठे स्नायू ओढायला लागतात आणि वजन वाढले तरी ट्रायसेप्सचा वाटा घटतो. दोन्ही करायचे असतील तर ओव्हरहेड आधी, ताज्या हातांनी करावे. खांदा पूर्ण वर जात नसेल, तर बाकावर उताणे झोपून दंड छताकडे उभा न धरता डोक्याच्या दिशेने 20-30 अंश कलता धरावा आणि वजन कपाळाऐवजी डोक्याच्या पलीकडे उतरवावे.